शेवटच्या ब्रँचमध्ये १ अँपिअर धरून मागे चालत जायची पद्धत एलईडी लावल्यावर का फसली?

सुदामानगरी

नमस्कार मंडळी. इंदूरला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर्किटचा प्रश्न आहे, पण थोडा लांबून सांगावा लागेल.

वर्गात लॅडर नेटवर्कसाठी एक पद्धत शिकवली. डावीकडे सोर्स आणि उजवीकडे टोकाला लोड असेल, तर टोकाच्या लोडमधून १ अँपिअर जातोय असं खुशाल धरायचं. मग उजवीकडून डावीकडे एकेक पायरी मागे यायचं आणि एवढ्यासाठी सोर्स किती लागला असता ते काढायचं. खरा सोर्स त्याच्या जितक्या पट असेल, तितक्या पटीने सगळे आकडे बदलायचे. माझं गणित हे होतं, रेझिस्टन्स ओहममध्ये:

```
24 V --R1--+--R3--+--R5--+
           |      |      |
           R2     R4     R6
           |      |      |
0 V -------+------+------+
R1=2  R2=6  R3=4  R4=3  R5=2  R6=4
```

R6 मध्ये १ अँपिअर धरला. R5 आणि R6 मिळून ६ ओहम, म्हणून R4 वर ६ व्होल्ट. R4 मधून २ अँपिअर, म्हणजे R3 मधून ३. R3 वर १२ व्होल्ट पडले, तेव्हा R2 वर १८ व्होल्ट आणि त्यातून ३ अँपिअर. R1 मधून एकूण ६ अँपिअर, त्याच्यावर १२ व्होल्ट, आणि सोर्स निघाला ३० व्होल्ट. खरा सोर्स २४ चा, म्हणून पट ०.८ आणि R6 मधला करंट ०.८ अँपिअर. उत्तर बरोबर आहे, नेहमीच्या सिरीज-पॅरलल पद्धतीनेही ताळा करून पाहिला.

आता खरी भानगड. हेच नेटवर्क मी घरी ब्रेडबोर्डवर बनवलं, फक्त ओहमच्या जागी किलोओहम. जेल रोडवरून २ किलो आणि ३ किलोचे रेझिस्टर आणले आणि ४ व ६ किलोसाठी दोन-दोन सिरीजमध्ये जोडले. करंट आता मिलिअँपमध्ये येतो. मीटरने ०.८० दाखवला, खूश झालो. मग गंमत म्हणून R6 काढून तिथे लाल एलईडी लावला. पेटल्यावर त्याच्यावर १.८ व्होल्ट मिळाले. पुन्हा १ मिलिअँप धरून मागे चालत आलो तर सोर्स २१.६९ आला, म्हणजे २४ ला १.११ मिलिअँप यायला हवा. मीटरवर आला १.१५. म्हटलं, रेझिस्टर पाच टक्केवाले आहेत, चालतंय.

मग सोर्स १२ वर आणला. हिशोबाने ०.५५ यायला हवा होता, आला ०.३६. सोर्स ६ व्होल्ट केल्यावर तर मीटरवर ०.०१ उरला. हाताचा आडोसा करून अंधारात पाहिलं तर एलईडीत लाल ठिपका दिसतो, तेवढंच. सबमिशनच्या वेळी हे दाखवलं तर परीक्षक म्हणाले, "एलईडीला ही पद्धत लावायचीच नसते" आणि पुढच्या रोल नंबरला हाक मारली. लावायची नाही हे कळलं, पण २४ ला जवळजवळ जमलं आणि १२ ला एवढं कसं फसलं?

---

राजवाडा_पोहे

भिया, दोन गोष्टी. एक म्हणजे तुझा मीटर. अँमीटर सिरीजमध्ये लावतोस, त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स असतो. एलईडीचा करंट आधीच कमी, त्यात मीटरने आणखी खाल्ला. चांगला मीटर घे.

दुसरी म्हणजे, टोकाला १ धरायची सक्ती नाही. ज्या ब्रँचचा करंट विचारलाय, तिथेच १ धरायचा. R2 चा विचारला तर R2 मध्ये १ धर. एवढी वरात मागे चालवायची गरज काय? परीक्षेत वेळ वाचतो. आम्ही असंच करून पास झालो.

---

सुदामानगरी

मीटर २० मिलिअँपच्या रेंजवर होता. आणि मीटरचाच दोष असता तर ४ किलोच्या लोडला ०.८० बरोबर कसा आला असता?

---

अनघा_सर्किटवाली

मीटर निर्दोष आहे. साध्या पिवळ्या डिजिटल मीटरचा २० मिलिअँपच्या रेंजवर १० ओहमच्या आसपास रेझिस्टन्स असतो. दोन किलोच्या सिरीजमध्ये १० ओहम म्हणजे अर्धा टक्काही नाही. ०.५५ चा ०.३६ त्याने होत नाही. २००० मायक्रोअँपची रेंज असती तर शंभरेक ओहम धरावे लागले असते, तरी फरक दोन-तीन टक्क्यांचाच.

पोहे, तुमचं R2 वालं अर्धं खरं आहे. करून बघू. R2 मधून १ अँपिअर, म्हणजे त्याच्यावर ६ व्होल्ट. आता R1 मधला करंट हवा, त्यासाठी R3 मधून किती जातोय ते लागेल. ते कुठून आणणार? उजवीकडचा सगळा भाग आधी एकत्र करावा लागतो: R5 आणि R6 चे ६, ते ३ ला पॅरलल म्हणजे २, त्यात R3 चे ४, झाले ६ ओहम. मग R3 मधून १, R1 मधून २, सोर्स १० व्होल्ट, पट २.४ आणि R2 मधला करंट २.४ अँपिअर. उत्तर बरोबर (सुदामानगरीचे ३ गुणिले ०.८ म्हणजे २.४ च), पण यात ज्या सिरीज-पॅरललपासून सुटका हवी होती तेच मागच्या दाराने आत आलं. टोकाला सुरुवात करायची ती याचसाठी, की टोकाच्या पलीकडे काहीच नसतं. प्रत्येक पायरीवर हातातले दोन आकडे, करंट आणि व्होल्टेज, पुढच्या पायरीला पुरतात. आणि एकदाच चाललं की सगळ्या ब्रँचचे करंट मिळतात, फक्त विचारलेल्याचा नाही.

जाता जाता एक, कारण दरवर्षी उत्तरपत्रिकेत हे सापडतं. धरलेल्या १ अँपिअरला R6 मधली पॉवर ४ वॉट येते. खऱ्या सोर्सला ती ०.८ पट होत नाही. करंट ०.८ पट आणि व्होल्टेजही ०.८ पट, म्हणून पॉवर ०.६४ पट, २.५६ वॉट. मुलं सरळ ३.२ लिहून मोकळी होतात. आणि ब्रेडबोर्डवर किलोओहम घेतलेस ते शहाणपणाचं केलंस. ओहममध्येच करायला गेला असतास तर R1 मध्येच ४६ वॉट झाले असते.

एलईडीचं उत्तर निवांत लिहिते, आत्ता पेपर तपासायचे आहेत.

---

झांकीवाला_दादा

शिडीच्या सर्किटची चर्चा दिसली म्हणून आलो. आमचंही तेच दुखणं आहे. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीला आमच्या मंडळाची छोटी झांकी असते, मिलवाल्यांइतकी मोठी नव्हे. तिच्यावर बांबूच्या शिड्या उभ्या करून एलईडी पट्टी गुंडाळतो. बारा व्होल्टची पांढरी पट्टी, पाच मीटरची तीन रिळं एकापुढे एक जोडली आहेत. पहिलं रीळ झगझगीत, तिसऱ्याच्या टोकाला उदबत्तीएवढा उजेड. शिडीला किती करंट द्यायचा ते कोणी सांगेल का? अडॅप्टर मोठा घेतला तरी टोक तसंच.

---

राजवाडा_पोहे

दादा, ही ती शिडी नव्हे 😀 सर्किटचं चित्र शिडीसारखं दिसतं म्हणून लॅडर म्हणतात.

---

फीडर_काका

पोहे, हसू नका, तीच शिडी आहे. पट्टीची पातळ तांब्याची पट्टिका म्हणजे शिडीचा उभा बांबू, आणि प्रत्येक तीन एलईडींचा तुकडा म्हणजे पायरी. दादांनी नकळत योग्य धाग्यावर पाय ठेवलाय. त्यांच्याकडे येतोच, आधी पोराचं घेऊ.

सुदामानगरी, तू मागे चालतोस तेव्हा प्रत्येक पावलाला करतोस काय ते बघ. करंटला रेझिस्टन्सने गुणतोस, व्होल्टेजला रेझिस्टन्सने भागतोस, दोन व्होल्टेज किंवा दोन करंट मिळवतोस. एवढंच. त्यात बाहेरचा एकही सुटा आकडा येत नाही. म्हणून सुरुवातीचा १ चा २ केलास तर प्रत्येक ओळीतला आकडा दुप्पट होतो, आणि सोर्सही ३० चा ६०. पट काढून गुणायचा परवाना यातून मिळतो. सुरुवात शून्याने केलीस तर सोर्सही शून्य. आलेख काढलास तर आरपार शून्यातून जाणारी सरळ रेषा.

आता एलईडीचं चालणं लिहून काढ. R5 वर २ व्होल्ट, त्यात एलईडीचे १.८. हा १.८ कुठून आला? तो तुझ्या १ मिलिअँपमधून आलेला नाही. करंट अर्धा केलास तरी तो जवळपास १.८ च राहतो. एक सुटा आकडा साखळीत घुसला, आणि पुढे प्रत्येक पायरीवर त्याचा वाटा मिसळत गेला. आता सगळ्याला ०.५५ ने गुणायला गेलास तर तू १.८ लाही ०.५५ ने गुणतोयस, म्हणजे एक व्होल्टच्या एलईडीची गोष्ट सांगतोयस.

म्हणून पट सोडून दे, पण चालणं सोडू नकोस. आता शून्य मिलिअँप धरून चाल, म्हणजे एलईडी पेटायच्या काठावर आहे, त्यावर १.८ आहेत, पण करंट नाही. R5 वर काही नाही. R4 वर १.८ व्होल्ट, त्यातून ०.६ मिलिअँप. R3 वर २.४ व्होल्ट, R2 वर ४.२ व्होल्ट, त्यातून ०.७. R1 मधून १.३, त्यावर २.६. सोर्स ६.८ व्होल्ट.

काही दिसलं? सोर्स ६.८ होईपर्यंत तुझा एलईडी पेटतच नाही. १ मिलिअँपला २१.६९ लागतात, शून्याला ६.८. मधे सरळ रेषा, म्हणजे दर मिलिअँपला १४.८९ व्होल्ट जास्त. २४ व्होल्टला किती ते आता तूच सांग.

---

सुदामानगरी

काका, २४ मधून ६.८ गेले, उरले १७.२, भागिले १४.८९ म्हणजे १.१५५. मीटरवर १.१५ च होता!

१२ ला ५.२ भागिले १४.८९, ०.३४९. मीटर ०.३६.

आणि ६ व्होल्ट ६.८ च्या खाली आहे म्हणून फक्त ठिपका. म्हणजे २४ ला जमलं ते नशिबाने?

---

फीडर_काका

नशीब नव्हे, जवळीक. तू १ मिलिअँप धरलास आणि सोर्स २१.६९ निघाला, खरा सोर्स २४ चा. धरलेलं आणि खरं शेजारी-शेजारी होतं. पट जितका एकाच्या जवळ, तितकी चूक झाकली जाते. १२ वर पट जवळजवळ अर्धा झाला आणि झाकण उडालं. तुला पहिल्यांदा पाच टक्केवाल्या रेझिस्टरवर संशय आला ना, तिथेच एक काम करायला हवं होतं: सोर्स अर्धा कर आणि बघ करंट बरोबर अर्धा होतो का. ४ किलोच्या लोडला ०.८० चा ०.४० होतो. रेझिस्टर पाच टक्क्यांनी खोटे असले तरी अर्ध्याचं अर्धंच होतं, कारण खोटा रेझिस्टरही रेझिस्टरच असतो. एलईडीला १.१५ चा ०.३६ झाला. हे रेझिस्टरच्या चुकीने कधीच होणार नाही. मीटर आणि सोर्सची घुंडी, एवढ्यावर दोन मिनिटांत कळतं की पट लावायचा की नाही.

---

सुदामानगरी

मग ०.३४९ आणि ०.३६ मधला फरक? तो तरी पाच टक्क्यांचा आहे का?

---

फीडर_काका

थोडा असेल. पण १२ वर असताना एलईडीच्या दोन टोकांवर मीटर लावून बघ. १.८ मिळणार नाही.

---

सुदामानगरी

बघितलं. १.७५.

हा घालून शून्याचं चालणं परत केलं: ६.८ च्या जागी ६.६१ आले. मग १२ वजा ६.६१, भागिले १४.८९, ०.३६२. काका 🙏

---

अनघा_सर्किटवाली

पेपर संपले. काकांनी सगळं सांगितलंच आहे, पण नावावरून भांडण करते, कारण परीक्षेत नावालाच मार्क असतात.

टोकाला १ धरून शेवटी पट लावायचा, तिचं नाव युनिट आउटपुट पद्धत, आणि काकांनी केलं ते ती नाहीच. एलईडीच्या जागी १.८ व्होल्टची बॅटरी काढा, सर्किट पेटलेल्या भागात तसंच वागतं. मग आपल्याकडे दोन सोर्स झाले, २४ चा आणि १.८ चा. दोन सोर्स असतील तर सुपरपोझिशन: एका वेळी एकच जिवंत ठेवायचा, प्रत्येकासाठी वेगळा पट. १.८ मेला असं धरून टोकाला १ मिलिअँप घेतला तर मागे चालून सोर्स १४.८९ येतो, काकांचाच आकडा. म्हणजे २४ एकटा असता तर १.६१२ मिलिअँप दिला असता. १.८ ची बॅटरी एकटी असेल तर तिला समोर R5 आणि बाकीचं नेटवर्क दिसतं: R1 आणि R2 पॅरलल म्हणजे दीड, त्यात ४ मिळवून साडेपाच, ते ३ ला पॅरलल, त्यात R5 चे २. साधारण ३.९४ किलो. १.८ भागिले ३.९४, ०.४५७ मिलिअँप उलट दिशेने. वजा केलं की १.१५५. तेच.

या मार्गाने कारण नीट दिसतं. पद्धत फसली कारण एकाच पटाने दोन सोर्सना गुणलं, आणि खरं तर फक्त पहिलाच बदलला होता. परीक्षकांचं "लावायचीच नसते" हे कडक झालं, पण चूक म्हणता येत नाही.

---

फीडर_काका

ताई, तुमचं उत्तर सुबक आहे, पण बॅटरीवालं चित्र मनात आणायला १.८ ठाम असावा लागतो. माझ्या चालण्याला तेही लागत नाही. एलईडीचा वाकडा आलेख हातात असला तरी चालता येतं: करंट धरा, आलेखातून व्होल्टेज वाचा, मागे चला, सोर्स किती येतो बघा. जास्त आला तर करंट कमी धरून परत चला. मागे चालण्यात फक्त किरचॉफ आहे आणि किरचॉफला लिनिअर लागत नाही. लिनिअर लागतं ते शेवटच्या गुणाकाराला. पोरांना दोन्ही एकाच दमात शिकवतात आणि मग एक मोडलं की दोन्ही टाकून देतात, एवढंच माझं म्हणणं.

आम्ही वीज मंडळात अकरा केव्हीच्या रेडियल फीडरचा व्होल्टेज ड्रॉप असाच काढायचो. टोकाच्या ट्रान्सफॉर्मरपाशी व्होल्टेज धरायचं, लोडचा करंट काढायचा, सबस्टेशनपर्यंत बेरजा करत यायचं. सबस्टेशनचं व्होल्टेज जुळलं नाही तर टोकाचा आकडा सुधारून पुन्हा. तिथे लोड किलोवॉटमध्ये असतो, व्होल्टेज घसरलं की करंट वाढतो. पट लावण्याचा प्रश्नच नव्हता, पण दोन-तीन फेऱ्यांत जुळायचं. हाताने, मागच्या बाजूला छापील फॉर्म असलेल्या कागदावर.

---

अनघा_सर्किटवाली

फीडरमध्ये एसी, मग फेज?

---

फीडर_काका

करंट आणि व्होल्टेज दोन्ही कॉम्प्लेक्स घेऊन. चालणं तेच. रेझिस्टन्सच्या जागी इंपीडन्स, आणि लोड लिनिअर असेल तर पटही कॉम्प्लेक्स येतो, म्हणजे सगळे आकडे नुसते लहान-मोठे होत नाहीत, एका कोनाने वळतातही. हाताने कंटाळवाणं, बाकी काही नाही.

---

राजवाडा_पोहे

मान्य, R2 चं माझं अर्धवट होतं. पण मग R1 आणि R5 च्या नोडमध्ये कोणी आडवा रेझिस्टर टाकला तर? म्हणजे R2 च्या वरच्या टोकापासून थेट R6 च्या वरच्या टोकापर्यंत. टोकाला १ धरून चालता येईल?

---

अनघा_सर्किटवाली

चांगला प्रश्न काढलात. नाही, पहिल्याच पावलाला अडकाल. R6 मधला १ अँपिअर R5 मधून किती आला आणि आडव्यातून किती, हे माहीत नाही. R5 मधला x धरून चाला, पुढे R2 च्या नोडपाशी आडव्याचं व्होल्टेज दोन वाटांनी मिळेल, ते सारखं ठेवलं की x सुटतो. मग पट लावा. लिनिअर आहे म्हणून पट चालतो, पण लॅडर राहिलं नाही म्हणून एका अनोळखीची भर पडली. तोवर नोडल लिहून झालं असतं.

---

झांकीवाला_दादा

मंडळी, माझं टोक अजून अंधारातच आहे.

---

फीडर_काका

दादा, आलो. तुमच्या पट्टीवर कात्रीची खूण असते ना, तिथून तिथपर्यंत एक तुकडा: तीन एलईडी आणि एक छोटा रेझिस्टर सिरीजमध्ये. पांढरा एलईडी साधारण तीन व्होल्टचा, म्हणजे तीन मिळून नऊ. सुदामानगरीच्या लाल एलईडीसारखंच, फक्त १.८ च्या जागी ९. बारातले नऊ एलईडीने घेतले, उरले तीन, त्यावर करंट ठरतो. टोकाला साडेदहा पोचले तर उरतात दीड, म्हणजे करंट निम्मा. व्होल्टेज फक्त एक अष्टमांश पडलं, पण करंट निम्मा झाला. म्हणून तुमचं टोक एवढं मंद दिसतं. पिवळे बल्ब असते तर एवढं जाणवलं नसतं.

मोठा अडॅप्टर घेऊन उपयोग नाही, कारण व्होल्टेज अडॅप्टरमध्ये पडत नाही, पट्टीच्या तांब्यात पडतं. तिन्ही रिळांचा सगळा करंट पहिल्या रिळाच्या तांब्यातून जातो. उपाय: अडॅप्टरपासून तिन्ही रिळांना वेगवेगळी जाड वायर. एका रिळाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडाला जोडायचं नाही. आणि अडॅप्टर, वायर, फ्यूज तिघांचा करंट आधी बेरीज करून बघा. मिरवणूक पावसात निघते, सांधे उघडे ठेवू नका.

---

झांकीवाला_दादा

काका, मीटर घेऊन बसलो. पहिल्या रिळाच्या तोंडाशी १२.० आणि तिसऱ्याच्या टोकाला ९.९. तीन वायरी ओढायला बांबूवर जागा नाही, म्हणून एक प्रयोग केला. एकच जाड वायर नेऊन तिसऱ्याच्या टोकालाही तेच १२ दिले. दोन्ही टोकं झकास पेटली! आता मधलं रीळ जरा मंद आहे, १०.९ दाखवतंय. मुलं म्हणतात दिसत नाही, मला दिसतं. यात तुमचं ते मागे चालणं कुठून सुरू करायचं? टोकच उरलं नाही.

---

सुदामानगरी

हेच विचारणार होतो! टोकाच्या पलीकडे काही नसतं म्हणून टोकाला सुरू करायचं, असं अनघाताई म्हणाल्या. इथे दोन्हीकडे सोर्स.

---

फीडर_काका

सगळ्यात मंद जागा शोधा. तिथे दोन्ही बाजूंनी करंट येतो आणि तिच्या पलीकडे तांब्यातून काहीच जात नाही. म्हणजे तेच तुमचं टोक, फक्त मधे आलंय. तिथे व्होल्टेज धरा आणि दोन्ही दिशांनी मागे चाला.

---

अनघा_सर्किटवाली

काका, दोन्ही बाजू सारख्या असतील तर ठीक, जागा बरोबर मध्यावर. पण दादांची एक वायर जाड आणि लांब, दुसरीकडे अडॅप्टर जवळ. मंद जागा मध्यापासून सरकणार, आणि कुठे सरकली हेही माहीत नाही, तिथलं व्होल्टेजही माहीत नाही. दोन अनोळखी झाले. एका चालण्यात सुटणार नाही.

---

फीडर_काका

जागा मीटरने सापडते ना. खुणेखुणेवर टोचत जायचं, सगळ्यात कमी जिथे तिथे थांबायचं. कागदावर करायचं तर तुमचं खरं आहे.

---

झांकीवाला_दादा

टोचतोय. दुसऱ्या रिळाच्या बरोबर मध्यावर नाही, अडॅप्टरकडून मोजलं तर मध्याच्या थोडं अलीकडे सगळ्यात कमी येतंय, १०.८. अडॅप्टर जवळ असून मंद जागा अडॅप्टरच्याच बाजूला कशी सरकली?

---

राजवाडा_पोहे

दादा, रिळं एकाच दुकानाची आहेत का? आणि पहिल्या-दुसऱ्याचा सांधा सोल्डर केलाय की नुसता पिळलाय?

---

झांकीवाला_दादा

पिळलाय. टेप लावलीय वरून.

---

सुदामानगरी

काका, सांध्याचा रेझिस्टन्स R3 मध्ये मिळवून चालायचं का मग? की तो गरम झाल्यावर बदलतो म्हणून परत पट बंद?